"तुमचा देव खोटारडा आहे": शोकात देवावर रागावलेल्या एका आईचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या बाईंना आपण मीनाताई म्हणू. नाव, वय आणि घरातले काही तपशील बदलले आहेत. कुटुंब कोणत्या धर्माचं आहे हेही मुद्दाम लिहिलेलं नाही. त्यावरून ओळख पटू शकते, हे एक कारण. दुसरं असं की त्यांनी विचारलेले प्रश्न मी निरनिराळ्या धर्मांच्या घरांत जवळजवळ याच शब्दांत ऐकले आहेत. गंभीर आजारात रुग्णाचा आणि घरच्यांचा त्रास कमी करणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरच्या टीममध्ये मी शोक-समुपदेशक म्हणून काम करते.

मीनाताईंची मुलगी एकोणीस वर्षांची होती. तिला तीव्र मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग झाला. केमोथेरपीचा पहिला टप्पा संपल्यावर अस्थिमज्जेची तपासणी झाली. कर्करोगाच्या ब्लास्ट पेशी पाच टक्क्यांच्या खाली आल्या होत्या आणि डॉक्टरांनी "रिमिशन आहे" असं सांगितलं. वैद्यकीय भाषेत याचा अर्थ इतकाच की आजार सूक्ष्मदर्शकाखाली सहज दिसत नाही. म्हणूनच पुढचे केमोचे टप्पे द्यावेच लागतात. आईने मात्र ऐकलं की मुलगी बरी झाली. त्या आठवड्यात सामूहिक प्रार्थनेत मीनाताई उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "देवाने माझं ऐकलं." लोक रडले, त्यांना मिठ्या मारल्या. काही महिन्यांत आजार उलटला, जंतुसंसर्ग झाला आणि मुलगी अतिदक्षता विभागात गेली ती परत आली नाही.

मृत्यूनंतर पाच महिन्यांनी त्यांच्या पतीचा मला फोन आला.

समस्या, आणि ती कुणाची

पतीचं म्हणणं सरळ होतं. मीनाताईंनी प्रार्थना सोडली होती. समाजातल्या बायका भेटायला आल्या की त्यांच्या तोंडावर देवाला वाटेल ते बोलायच्या. धाकटा मुलगा चौदा वर्षांचा, तो हे सगळं ऐकत होता. पती म्हणाले, "तिला जरा समजावा. श्रद्धा परत आली की ती सावरेल."

पहिला निर्णय इथेच घ्यायचा होता. ही मागणी आहे तशी स्वीकारली तर मी त्या घरात देवाची वकील म्हणून शिरले असते. मी त्यांना सांगितलं, "श्रद्धा परत आणून देणं माझ्या हातात नाही. तसं ठरवून आले तर ताई मला पहिल्या पाच मिनिटांत ओळखतील. मी त्यांचं ऐकायला येऊ शकते, पण त्यांची इच्छा असेल तरच." ते थोडे नाराज झाले. दोन दिवसांनी मीनाताईंनी स्वतः फोन करून वेळ दिली.

दार उघडताच त्यांनी विचारलं, "तुम्हीपण देवाबद्दल सांगायला आलात का?" मी नाही म्हटलं. "मग ऐका. तुमचा देव खोटारडा आहे. नाही म्हणायचं होतं तर आधीच म्हणायचं. आधी दिली, मला सगळ्यांसमोर बोलायला लावलं, आणि मग काढून घेतली."

वाक्य संतापाचं असलं तरी नेमकं आहे. मुलगी गेली हे दुःख त्यात आहेच. पण देवावरचा आरोप निराळा आहे: त्याने शब्द फिरवला आणि चारचौघांत तोंडघशी पाडलं. "मृत्यू सगळ्यांनाच आहे" असं कुणी त्यांना सांगितलं असतं, तर ते न केलेल्या तक्रारीचं उत्तर झालं असतं. देवावर चिडलेल्या माणसाशी बोलताना सर्वांत जास्त घोळ इथे होतो. तक्रार काय आहे ते कळायच्या आधीच आपण उत्तर देऊन मोकळे होतो.

आणि उत्तरं भरपूर मिळाली होती. "देवाची इच्छा, आपण कोण विचारणार." "चांगल्या माणसांना तो लवकर बोलावतो." "तुमची परीक्षा आहे ही." "तिच्या नशिबी तेवढंच होतं." यातलं एकही वाक्य दुष्टपणाने बोललेलं नव्हतं. पण ऐकणाऱ्या आईला चांगल्या माणसांबद्दलचं वाक्य असं ऐकू येतं की मुलगी थोडी वाईट असती तर जगली असती. परीक्षेचं वाक्य असं ऐकू येतं की आईला धडा शिकवायला मुलीचा जीव वापरला. शोकात माणूस वाक्याचा तर्क शेवटपर्यंत नेतो आणि धीर देणाऱ्याने तो कधीच तेवढा ताणून पाहिलेला नसतो. एका जाऊबाईंनी तर सांगून टाकलं होतं, "तुझी श्रद्धा पक्की असती तर असं झालं नसतं." या वाक्याचं पुढे काय झालं ते येईलच.

समोर असलेले पर्याय

समजावून सांगणं हा पहिला पर्याय. दुःख का असतं याची उत्तरं प्रत्येक धर्माने दिली आहेत आणि काही खरोखर खोल आहेत. पण ती उत्तरं शांत वेळी विचार करणाऱ्यासाठी असतात. बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाच्या गोष्टीत मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री एक शब्द न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसतात. तिथपर्यंत त्यांचं सगळं बरोबर आहे. मग ते देवाच्या बाजूने युक्तिवाद करू लागतात. शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो आणि म्हणतो की माझ्याविषयी ईयोब बोलला तसं योग्य तुम्ही बोलला नाहीत. धर्मग्रंथानेच देवाच्या वकिलांचा खटला असा निकालात काढला आहे, तरी तो धंदा काही बंद पडत नाही.

दुसरा पर्याय त्यांच्या बाजूला जाऊन उभं राहण्याचा: "बरोबर आहे, देव वगैरे काही नसतं." यात सहानुभूती वाटते, म्हणून तो जास्त फसवा आहे. मीनाताई देवावर चिडल्या होत्या, तो नाही असं त्या म्हणत नव्हत्या. मुलगी गेली, आणि आता ज्याच्याशी भांडायचं तोही मी काढून घेतला असता. शिवाय मुलगी कुठेतरी आहे हा विचार त्याच श्रद्धेला टांगलेला होता.

विषय टाळून झोप, जेवण, कामावर परत जाणं यावर बोलायचं, देवाचं धर्मगुरूंवर सोपवायचं, हा तिसरा पर्याय. आमच्या क्षेत्रात हाच सर्वांत जास्त वापरला जातो, कारण तो व्यावसायिक दिसतो. पण ज्या गोष्टीने बाई रात्रभर जागी आहे ती सोडून झोपेबद्दल बोलण्यात फारसा अर्थ नसतो. औषधाचा विचारही झाला. पाच महिन्यांनी दुःख तीव्र असणं हा आजार नव्हे. दीर्घकालीन शोकविकाराचं निदान करायला जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगवर्गीकरणात किमान 6 महिन्यांची आणि अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम या निदानपुस्तिकेच्या 2022 च्या आवृत्तीत प्रौढांसाठी किमान 12 महिन्यांची अट आहे. आणि देवावरचा राग हा तर त्याचा निकषसुद्धा नाही.

उरला चौथा पर्याय: राग अडवायचा नाही, त्याला उत्तर द्यायचं नाही आणि आरोप नेमका काय आहे हे विचारत राहायचं. तोच घेतला.

त्याला आधारही आहे. देवावरच्या रागाचा बराच अभ्यास केलेल्या मानसशास्त्रज्ञ ज्यूली एक्सलाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राग येणं, जाब विचारणं आणि नातं तोडून निघून जाणं या गोष्टी वेगवेगळ्या धरल्या आहेत. घरच्यांना त्या एकच वाटतात आणि म्हणून ते रागालाच घाबरतात. याच अभ्यासांत असंही आढळलं की राग बोलून दाखवल्यावर ज्यांना "असं बोलू नये" असं ऐकावं लागलं, त्यांचा राग टिकून राहण्याकडे आणि गिळला जाण्याकडे कल दिसला.

काय केलं: ऐकणं आणि नेमकं विचारणं

पहिल्या भेटीत मी फार थोडं बोलले. "खोटारडा" या शब्दावर मी दचकले नाही, तो सौम्यही केला नाही. "म्हणजे तुम्हाला देवाने फसवलं असं वाटतं" अशी गुळगुळीत उजळणी करण्याऐवजी विचारलं, "सगळ्यांसमोर बोलायला लावलं म्हणालात. त्या दिवशी काय झालं ते सांगाल?" मग ती प्रार्थनासभा, मिठ्या, मुलगी घरून व्हिडिओ कॉलवर पाहत होती, ती हसत "आई, पुरे आता" म्हणाली होती, हे सगळं आलं. मुलीचं नाव त्यांनी त्या भेटीत पहिल्यांदा तिथे घेतलं. देवाबद्दलचा राग ऐकून घेतला की बहुधा माणूस गेलेल्या व्यक्तीपाशी येतो. राग थोपवला तर तो तिथेच अडकून बसतो.

दुसऱ्या भेटीत मला अपेक्षित असलेला प्रश्न आला. "तुम्ही मानता का देवाला?"

यावर तीन-चार पळवाटा आहेत. "माझं सोडा, तुमचं सांगा" ही सर्वांत नेहमीची. पण समोरच्याने सरळ विचारलं असताना वळसा घेतला की त्याला वाटतं आपण तपासले जातोय. मी म्हटलं, "मानते, पण माझ्याकडे तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही. आणि मी मानते म्हणून तुम्ही शब्द जपून वापरावेत असं मला अजिबात वाटत नाही." उत्तर "नाही" असतं तरी दुसरा भाग हाच राहिला असता. महत्त्व त्या दुसऱ्या भागाला आहे, कारण आपल्या रागाने समोरचा दुखावेल का हेच त्या प्रश्नात विचारलेलं असतं.

निर्णायक वळण: चुकलेली एक रात्र

देवावरच्या रागाखाली साधारण तीन वेगळी वाक्यं असू शकतात. "त्याला करता येत होतं, त्याने केलं नाही." "तो मला शिक्षा करतोय." "तिथे कुणीच नाही." बाहेरून तिन्ही सारखीच ऐकू येतात. पहिल्यात तक्रार आहे, तिसऱ्यात पोकळी आहे. मला काळजी असते ती दुसऱ्याची, कारण शिक्षा म्हटली की गुन्हाही आला. मानसशास्त्रज्ञ केनेथ पारगमेंट यांच्या गटाने 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णालयात दाखल झालेल्या जवळपास 600 वयस्क रुग्णांचा दोन वर्षं मागोवा घेतला होता. देवाने आपल्याला टाकलं, त्याचं आपल्यावर प्रेम नाही असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात मृत्यूचा धोका काहीसा जास्त निघाला. तो अभ्यास आजारी माणसांचा होता, शोक करणाऱ्यांचा नव्हे. पण टाकलं गेल्याची भावना हलक्यात घेऊ नये एवढं त्यावरून धरायला हरकत नाही.

मीनाताईंचं वाक्य कोणतं हे मला अजून कळलं नव्हतं. वरवर पहिलंच वाटत होतं. म्हणून एकदा विचारलं, "देव समोर बसला आणि उत्तर द्यायला तयार झाला, तर पहिलं काय विचाराल?"

मला वाटलं होतं, "का नेलीस?" असं काही येईल. त्या बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "विचारेन, एका रात्रीसाठी एवढी शिक्षा?"

आजारपणात त्यांनी नेम धरला होता. रोज रात्री अकराला मुलीच्या खाटेजवळ बसून प्रार्थना करायची आणि एका वहीत तारखेपुढे खूण करायची. ती वही त्यांनी आणून दाखवली. पानांमागून पानं बरोबरच्या खुणा आणि एका तारखेपुढे काहीच नाही. त्या रात्री रुग्णालयातल्या खुर्चीवर त्यांना झोप लागली होती. जाग आली तेव्हा उजाडलं होतं. दोन दिवसांनी आजार उलटल्याचा रिपोर्ट आला. हे त्यांनी पतीलाही सांगितलं नव्हतं. जाऊबाईंचं वाक्य नेमकं या रिकाम्या जागेवर येऊन बसलं होतं.

अशा वेळी तोंडून आपोआप निघतं, "छे, तुमची काहीच चूक नाही!" ते खरं आहे, पण लगेच म्हटलं तर माणसाला वाटतं की हिला नीट ऐकून घ्यायचं नाही. मी आधी त्या रात्रीचं विचारलं. आदल्या किती रात्री झोप नव्हती, मुलगी कशी होती, जाग आल्यावर काय झालं. मग म्हटलं, "म्हणजे इतके दिवस तुम्ही देवावर चिडताय आणि आतून स्वतःलाच आरोपी धरून बसला आहात." त्या रडल्या नाहीत. फक्त मान हलवली.

याच भेटीत त्या म्हणाल्या, "मला तिच्याकडे जायचंय." शोकात हे वाक्य खूपदा येतं आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ "तिला भेटायचंय" एवढाच असतो. पण बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नव्हे, आणि शिक्षेची भावना सोबत असली तर तो फरक गृहीत धरू नये. मी सरळ विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का? कसा, काही ठरवलंय का?" असं विचारल्याने ती कल्पना डोक्यात भरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. त्यांनी नाही म्हटलं. मुलाचं नाव घेतलं, काही ठरवलेलं नव्हतं. त्यांच्या संमतीने मी पतीला याची कल्पना दिली आणि पुढच्या प्रत्येक भेटीत हा प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर वेगळं आलं असतं तर देवाचं बोलणं बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं लागलं असतं.

वस्तुस्थिती, आणि तिचा अनपेक्षित परिणाम

त्यांच्या परवानगीने मी उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलले आणि तारखा काढल्या. अस्थिमज्जेचा नमुना त्या रात्रीच्या आधीच, त्याच दिवशी दुपारी घेतलेला होता. रिपोर्ट नंतर आला एवढंच. म्हणजे चुकलेल्या रात्रीपूर्वीच आजार उलटलेला होता. डॉक्टरांनी मीनाताईंना बोलावून स्वतः समजावलं की रिमिशनमध्येही काही पेशी लपून उरतात आणि आजार त्यांच्यातूनच परततो. त्याला आठवडे लागतात, एक रात्र नव्हे.

हे डॉक्टरांनी सांगणं गरजेचं होतं. माझ्याकडून ते सांत्वन वाटलं असतं, त्यांच्याकडून ती माहिती झाली.

यानंतर बाई शांत होतील अशी घरच्यांची अपेक्षा होती. झालं उलट. राग वाढला. पतीचा घाबरून फोन आला, "आता तर ती रोज भांडते त्याच्याशी, मोठमोठ्याने." मला ते वाईट लक्षण वाटलं नाही. आतापर्यंत निम्मा राग स्वतःकडे वळलेला होता, तो मोकळा होऊन मूळ पत्त्यावर गेला. झोप थोडी सुधारली होती, मुलीचे फोटो त्या पाहू लागल्या होत्या, मुलाच्या शाळेत जाऊन आल्या होत्या. राग वाढतो तेव्हा बाकीचं आयुष्य आकसतंय की सैलावतंय हे पाहायचं. नुसता आवाज मोजून काही कळत नाही.

धर्मगुरूंना बोलवावं का

एके दिवशी मीनाताईंनी विचारलं, "मी असं बोलते ते पाप आहे का?" या प्रश्नाचं उत्तर देण्याचा अधिकार माझ्याकडे नव्हता. तो त्यांच्या परंपरेतल्या माणसाचा होता. पण माणूस कोणता, हा कळीचा निर्णय. घरच्यांनी दोन नावं सुचवली. दोघांनाही आधी फोन करून विचारलं की तुम्ही त्यांना काय सांगाल. पहिले म्हणाले, "ही परीक्षा आहे, हे पटवून देऊ." दुसरे जरा थांबून म्हणाले, "मला माहीत नाही. आधी भेटतो." दुसरे आले.

त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की हे का झालं ते मला ठाऊक नाही. पाप आहे का, यावर त्यांनी त्यांच्याच परंपरेतली उदाहरणं दिली, जिथे भक्ताने देवाला कठोर शब्दांत जाब विचारला आहे आणि ते शब्द कुणी खोडून टाकलेले नाहीत, जपून ठेवले आहेत. अशी उदाहरणं सगळीकडे आहेत. तुकोबांच्या गाथेत "माझे लेखीं देव मेला" असं म्हणणारा अभंग आहे. बायबलमधलं 88 वं स्तोत्र तक्रारीने भरलेलं आहे आणि अंधारातच संपतं, शेवटी दिलासा जोडलेला नाही. ही उदाहरणं मला पहिल्या भेटीपासून ठाऊक होती, मी ती वापरली नाहीत. न विचारता दिली की त्यांचाही अर्थ "गप्प बसा, यापूर्वी मोठमोठ्यांनी हे भोगलंय" असा होतो. प्रश्न विचारला गेला तेव्हाच त्यांचा उपयोग झाला.

जाताना धर्मगुरू म्हणाले, "ज्याच्यावर विश्वास असतो त्याच्यावरच माणूस रागावतो." मीनाताईंनी तिथल्या तिथे उत्तर दिलं, "माझा विश्वास आहे असं मी म्हटलेलं नाही." ते क्षणभर थबकले आणि म्हणाले, "खरंय. मी तुमच्या वतीने बोललो." या एका वाक्याने त्यांनी मोठं काम केलं असं मला वाटतं. त्यांचं आधीचं वाक्य ऐकायला सुंदर होतं. पण राग हा लपलेला विश्वासच आहे असं ठरवून टाकलं, तर माणसाला विश्वास सोडण्याचीही मोकळीक उरत नाही. काहींच्या बाबतीत ते वाक्य खरं असेल, पण ते ज्याचं त्याने म्हणावं.

निष्पत्ती

मृत्यूला वर्ष झालं त्या दिवशी घरी प्रार्थना ठेवायची ठरली. सासरची मंडळी म्हणत होती की मीनाताईंनी ती चालवावी, म्हणजे "सगळं पूर्ववत" होईल. इथे मी पतीशी बोलले आणि त्यांनी पहिल्यांदा बायकोची बाजू घेतली. प्रार्थना त्यांनी स्वतः चालवली. मीनाताई खोलीत होत्या, मागे बसल्या, ओठ हलवले नाहीत. संपल्यावर त्यांनी मुलीबद्दल काही मिनिटं बोलून दाखवलं. देवाचा उल्लेख केला नाही.

मुलाने मधल्या काळात विचारलं होतं, "आई, मग मी प्रार्थना करू की नको?" आपल्या रागाने मुलाचं सगळं मोडतंय ही भीती त्यांना होतीच. आम्ही आधी यावर बोललो होतो. त्यांनी उत्तर दिलं, "मी रागावले आहे म्हणून तू रागवायला हवं असं नाही. तुला करावीशी वाटली तर कर. करावीशी वाटली नाही तरी मला सांग." पुढे तो कधी करायचा, कधी नाही.

श्रद्धा परत आली का, असं पती अजून विचारतात. जशी होती तशी आलेली नाही. काही दिवस मीनाताई देवाशी बोलतात, तक्रारच करतात. काही दिवस त्यांना वाटतं समोर कुणीच नाही. शिक्षेचं वाक्य मात्र बऱ्याच काळात ऐकू आलेलं नाही. त्या कामावर रुजू झाल्या आहेत. प्रार्थनासभेला जात नाहीत. त्या सभेतल्या दोन बायका त्यांना बाहेर भेटतात आणि देवाचा विषय त्यांच्यावर सोडतात.

वेगळं काय करता येईल

रुग्णालयाच्या फाइलमध्ये धर्माचा रकाना होता आणि तो भरलेला होता. पण ही आई कशाच्या आशेवर उभी आहे, हे उपचाराच्या काळात विचारलं जाण्याची सोय त्यात नव्हती. "तुमच्या प्रार्थनेत तुम्ही काय मागता?" एवढा प्रश्न रिमिशनच्या वेळी विचारला गेला असता, तर "रिमिशन" आणि "बरी झाली" यातलं अंतर तेव्हाच उघड झालं असतं. त्या रोजच्या नेमाचाही पत्ता लागला असता. अशा प्रश्नांची छोटी साधनं उपलब्ध आहेत. ख्रिस्टिना पुखाल्स्की यांनी तयार केलेलं एफआयसीए हे त्यांतलं बरंच वापरलं जाणारं. श्रद्धा काय, तिचं महत्त्व किती, सोबतचा समुदाय कोणता आणि उपचारात या सगळ्याची दखल कशी घ्यावी, एवढंच त्यात विचारतात. हे काम नर्सही करू शकते.

जाऊबाईंशी वेगळी भेट व्हायला हवी. त्यांना दोष द्यायला नव्हे. असं वाक्य बहुधा स्वतःच्या भीतीतून येतं. श्रद्धा पक्की ठेवली की आपल्या मुलांना काही होणार नाही, असं बोलणाऱ्याला स्वतःला पटवायचं असतं. हे कळलं की त्या घरात निदान दुसऱ्यांदा ते वाक्य येत नाही. काय बोलावं हे सुचत नसेल तर त्यांना सांगण्यासारखं साधंच आहे: मुलीचं नाव घ्या, तिची एखादी आठवण सांगा. मीनाताई देवाला बोलल्या तर म्हणा, "ऐकतेय, बोल." त्याच्या पुढे काही जोडू नका.

आणि पतीचं. पहिल्या फोनपासून त्यांना बायकोच्या श्रद्धेची चिंता करणारा माणूस म्हणूनच पाहिलं गेलं. त्यांचीही मुलगी गेली होती. वर्षानंतरच्या एका भेटीत ते सहज बोलून गेले, "मीही चिडलो तर घरात प्रार्थना करायला उरणार कोण?" अशा प्रकरणात जो शांत दिसतो त्याचीही स्वतंत्र भेट सुरुवातीलाच ठरवावी. त्यांच्या भेटी आता सुरू झाल्या आहेत. मीनाताईंना त्याची कल्पना आहे, तिथे काय बोलणं होतं याची मात्र नाही.